तीन दारांचं कपाट, दोन भाषांत

जुनं सामान विकायची जाहिरात मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हींत लिहायची असली की बहुतेक जण आधी एका भाषेत लिहितात आणि मग तिचं दुसऱ्या भाषेत रूपांतर करतात. गडबड तिथेच सुरू होते. जी भाषा आधी येते तिच्यातल्या सोयी, तिच्यातलं मोघमपण दुसरीत जसंच्या तसं जातं. दुसरीत नेमकं काय सांगायला हवं होतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून आम्ही कोणतीच आवृत्ती आधी लिहीत नाही. आधी एक टाचण करायचं, आणि दोन्ही मजकूर त्या टाचणावरून, एकमेकांकडे न बघता लिहायचे. हे कसं करतो ते एका उदाहरणावरून सांगतो: कपड्यांचं तीन दारांचं कपाट. वस्तू साधी वाटते, पण दोन भाषांत सांगताना घसरायला इथे भरपूर जागा आहेत.

टाचण म्हणजे वाक्यं नव्हेत. एका ओळीवर एक गोष्ट, शक्य तिथे आकडा. वस्तू काय, कशाची बनलेली, किती मोठी, आत काय, काय बिघडलंय, कधी घेतली, कोणत्या मजल्यावर आहे, कोण काय करणार, किंमत, कधीपर्यंत. कपाटासाठी पंधरा-सोळा ओळी पुरतात. टाचण कोणत्या भाषेत असावं? मनात येईल त्या. सरमिसळ असली तरी चालते, उलट बरीच असते. फक्त एक पथ्य: त्यात विशेषण येता कामा नये. ‘मजबूत’, ‘उत्तम’, ‘प्रशस्त’ असं काही लिहिलं गेलं की त्याच्या जागी मोजता किंवा बघता येईल असं काय आहे ते विचारायचं. ‘प्रशस्त’ म्हणजे हँगर लावायची दांडी ८५ सेंटिमीटर, असं निघतं. मग तेच लिहायचं.

आता मापं. मोजायची सेंटिमीटरमध्ये, एकदाच. फूट-इंच नंतर गणित करून काढायचे. एकीकडे टेप फुटात धरून आणि दुसरीकडे सेंटिमीटरमध्ये धरून वेगवेगळी मोजणी केली की दोन जाहिरातींत दोन कपाटं तयार होतात. मोजताना जिथे वस्तू सगळ्यात जास्त जागा घेते तिथे टेप लावायचा: रुंदी वरच्या कंगोऱ्याला, उंची पायांसकट, आणि भिंतीपासून पुढे येणारं माप हँडलसकट. आमच्या उदाहरणात नुसता सांगाडा ५५ सेंटिमीटर आहे, हँडल धरून ५८. खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये चालायला किती जागा उरेल हे बघणाऱ्याला ५८ हवा असतो. कपाट दारातून जाईल का हे बघणाऱ्याला ५५ चालतो, कारण हँडल काढता येतं. दोन्ही आकडे टाचणात जातात. जाहिरातीत मोठा जातो आणि लहान कुणी विचारला तर सांगायचा.

इथेच पहिली भाषिक अडचण उभी राहते. इंग्रजीत कपाटाला विड्थ, डेप्थ आणि हाइट असते. विड्थ म्हणजे समोरून दिसणारं आडवं माप, म्हणजे इथे १३५. मराठीत याचं सरळ ‘रुंदी १३५’ केलं तर बरेच वाचक विचारतात, ‘मग लांबी किती?’ कारण आपल्या बोलण्यात दोन आडव्या मापांपैकी मोठं ते लांबी आणि लहान ते रुंदी. म्हणजे मराठी वाचकाच्या मनात लांबी १३५ आणि रुंदी ५८, आणि इंग्रजी वाचकाच्या मनात विड्थ १३५. डेप्थला ‘खोली’ म्हणावं तर ‘खोली ५८’ वाचून डोळ्यांपुढे बेडरूम येते. ‘जाडी’ म्हटलं तर फळीची जाडी वाटते. सुतार ‘डेप्थ’च म्हणतात आणि ते चुकीचं नाही, पण प्रत्येक वाचकाला ते समजेलच असं नाही. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मापाला नाव देण्याऐवजी ते कुठून कुठे आहे ते सांगणं: ‘समोरून आडवं १३५, भिंतीपासून पुढे ५८ (हँडलसकट), जमिनीपासून वर २१०’. शब्द थोडे जास्त जातात, पण कुणीही चुकत नाही. इंग्रजीत असं करायची गरज नाही. तिथे तीन आकडे आणि कोणता आकडा कशाचा एवढं पुरतं. एकाच गोष्टीला दोन भाषांत वेगवेगळी लांबी लागते, हे आधी मान्य केलं की पुढची बरीच ओढाताण संपते.

फूट-इंचांचं आणखी एक वेगळंच लचांड आहे. मराठी बोलण्यात आपण ‘साडेचार फूट’ म्हणतो आणि ते बरोबर ४ फूट ६ इंच होतात. पण लिहिताना बरेच जण ४ फूट ६ इंचाचं ‘४.६ फूट’ करतात. दशांश चिन्हाने बघितलं तर ४.६ फूट म्हणजे ४ फूट ७.२ इंच. सव्वा इंचाच्या जवळपास फरक, आणि भिंतीतल्या कोनाड्यात बसवायचं असेल तर तेवढ्यानं कपाट बाहेर राहतं. इंग्रजी वाचणारा बहुधा दशांशच समजतो, मराठी वाचणारा बहुधा इंच समजतो, आणि आकडा मात्र दोन्हीकडे एकच छापलेला असतो. म्हणून फुटांनंतर टिंब द्यायचंच नाही, ‘४ फूट ६ इंच’ असं पूर्ण लिहायचं. ‘पावणेसात फूट’ हाही असाच. म्हणणाऱ्याला ‘सात फुटांहून जरा कमी’ म्हणायचं असतं, पण शब्दशः तो ६ फूट ९ इंच होतो, आणि आपलं कपाट ६ फूट ११ इंच आहे.

रूपांतर करताना बाहेरची मापं नेहमी वरच्या पूर्ण इंचाला न्यायची आणि आतली खालच्या. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. १३५ सेंटिमीटर म्हणजे ५३.१५ इंच, ते ५४ धरायचे, म्हणजे ४ फूट ६ इंच. ५८ चे २२.८३, म्हणजे २३ इंच. २१० चे ८२.६८, म्हणजे ८३ इंच, ६ फूट ११. बाहेरचं माप बघणारा ‘बसेल का’ एवढंच बघत असतो. त्याला थोडी जास्त जागा धरायला लागली तर नुकसान नाही. आत मात्र उलट. दांडी ८५ सेंटिमीटर म्हणजे ३३.४६ इंच, तिथे ३३ लिहायचे. ३४ लिहिले तर आत नसलेली जागा विकल्यासारखं होतं.

उंचीच्या जोडीला एक आकडा आम्ही नेहमी देतो, तो म्हणजे तिरक्या उंचीचा. कपाट आडवं आणून खोलीत उभं करताना त्याचा कोपरा छताच्या दिशेने जातो आणि उभ्या उंचीपेक्षा जास्त जागा मागतो. ती जागा म्हणजे बाजूच्या आयताचा कर्ण. २१० चा वर्ग ४४,१००, ५८ चा वर्ग ३,३६४, बेरीज ४७,४६४, आणि वर्गमूळ जवळपास २१७.९. म्हणजे छत २१८ सेंटिमीटरपेक्षा खाली असेल तर २१० चं कपाट त्या खोलीत उभं राहू शकत असूनही, एकसंध असताना उभं करता येणार नाही. सुटं करून तिथेच जोडलं तर प्रश्न नाही. माळ्याखाली किंवा बीमखाली ठेवू बघणाऱ्याला हा आकडा फार उपयोगी पडतो, आणि दोन्ही भाषांत तो एका वाक्यात मावतो.

यानंतरची जागा सगळ्यात घसरडी: कपाट कशाचं आहे? मराठीत ‘लाकडी कपाट’ म्हटलं की त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘लोखंडी नाही’ एवढाच असतो. आपल्याकडे कपाट लोखंडीही असतं, त्यामुळे ‘लाकडी’ हा शब्द प्रकार सांगण्यासाठी येतो. त्याचं इंग्रजीत ‘वुडन वॉर्डरोब’ केलं की वाचणारा भरीव लाकूड समजतो, कारण त्याच्या डोक्यात लोखंडी हा पर्याय नसतोच. उलट दिशेनेही तेच. इंग्रजीत ‘टीक फिनिश’ लिहिलं तर सरावलेल्या वाचकाला कळतं की वरचा रंग आणि रेषा सागासारख्या आहेत. त्याचं मराठीत ‘सागवानी फिनिश’ झालं आणि पुढे कुणीतरी घाईत ‘सागवानी कपाट’ केलं, तर एका दिशेनं निघालेलं लॅमिनेट दुसऱ्या टोकाला सागाचं लाकूड होऊन पोचतं. कुणी खोटं बोललेलं नसतं, तरी जाहिरात खोटी झालेली असते.

म्हणून आधी ते नेमकं काय आहे हे बघायचं. समोरचा पृष्ठभाग बघून कळत नाही, कारण छापील लॅमिनेटवर रेषा हुबेहूब असतात. कड बघायची, तीही पट्टी लावलेली पुढची नव्हे. मागची, तळाची, किंवा बिजागरीसाठी पाडलेल्या खाचेच्या आतली. दाबलेल्या भुशाचे जाडेभरडे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, पुठ्ठ्यासारखा बारीक लगदा दिसला तर एमडीएफ. पातळ थर एकावर एक दिसले तर प्लायवुड. भरीव लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात, मध्येच तुटत नाहीत. आमच्या कपाटाचा सांगाडा आणि दारं पार्टिकल बोर्डाची, वर सागवानी रंगाचं लॅमिनेट, पाठ ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डाची. टाचणात हेच जातं, आणि त्याखाली एक ओळ: ‘सागाचं लाकूड नाही.’ नकारार्थी ओळ जाहिरातीत टाकायला जीवावर येतं, पण ही ओळ दोन्ही भाषांत असायलाच हवी. गैरसमज दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणांनी होतो, पण दोन्हीकडे होतो.

नावाचं काय? मराठीत आम्ही ‘कपाट’ वापरतो आणि कंसात ‘वॉर्डरोब’ देतो. शोधणारे दोन्ही लिहितात आणि नुसत्या ‘कपाट’ शब्दात पुस्तकांचं, भांड्यांचं कपाटही येतं. इंग्रजीत मात्र ‘वॉर्डरोब’च. ‘कबर्ड’ लिहिलं की काहींना स्वयंपाकघरातलं वाटतं. एकदा नाव ठरलं की मराठी मजकुरात लिंग त्याच्यामागे चालतं. कपाट ‘ते’ आहे, तर सगळीकडे ‘चांगलं’, ‘सुटं होतं’, ‘घेतलेलं’. मध्येच वॉर्डरोब ‘चांगला’ झाला आणि पुढच्या ओळीत ‘ती उत्तम स्थितीत आहे’ असं आलं, की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा मजकूर भाषांतर करून आलाय. मग त्याला आकड्यांवरही भरवसा वाटत नाही.

आतल्या भागात ‘खण’ हा शब्द जपून वापरायचा. कुणी खण म्हणजे फळ्यांमधला कप्पा समजतं, कुणी ओढून काढायचा ड्रॉवर. ‘दोन खण’ लिहिलं तर अर्ध्या वाचकांना दोन कप्पे दिसतात. आम्ही ‘२ ड्रॉवर’ आणि ‘४ फळ्या’ लिहितो. फळ्या मोजताना तळाची धरायची की नाही हेही ठरवून घ्यायचं. आम्ही धरत नाही, कारण ती कपाटाचा तळ आहे. इंग्रजीतही मग शेल्फ चारच. मजा म्हणजे एकाने फळ्या मोजल्या आणि दुसऱ्याने कप्पे, तर चारचे पाच होतात आणि दोघेही बरोबर असतात.

दोष लिहिताना दोन्ही भाषा आपापल्या परीनं पळवाट काढून देतात. मराठीत ‘किरकोळ’, ‘वापराच्या खुणा’, ‘थोडंसं’. इंग्रजीत ‘मायनर वेअर’. दोन्ही शब्दप्रयोग दिसायला समान, पण त्यातून कुणाला काय कळेल याचा नेम नाही. दोष सांगायची आमची रीत अशी: कुठे आहे, केवढा आहे, त्यामुळे काय होतं. आमच्या कपाटात दोन दोष आहेत. डाव्या दाराची खालची बिजागरी ढिली आहे, दार बंद होतं पण साधारण ४ मिलिमीटर खाली लोंबतं. आणि उजव्या बाजूच्या फळीचा तळाकडचा १५ सेंटिमीटर भाग ओल लागून फुगलाय.

‘डावं’ कुणाचं, हे लिहायला हवं. कपाटासमोर उभं राहिल्यावर आपल्या डाव्या हाताला येतं ते. कपाटाच्या बाजूनं विचार करणारेही असतात आणि फोटो आरशातून काढलेला असेल तर गोंधळ दुप्पट. आम्ही दोन्ही भाषांत एकदाच ‘समोर उभं राहून’ असं लिहितो आणि पुढे तेच गृहीत धरतो.

बिजागरीचं कारणही कळलेलं बरं, कारण वाचणारा पुढचा प्रश्न तोच विचारतो. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा काढून परत त्याच भोकात घातला की पकड कमी होते, दाणे भुगा होऊन पडतात. नुसता स्क्रू घट्ट करून काम होत नाही. भोक थोडं मोठं करून त्यात गोंद लावून लाकडी खुंटी ठोकायची आणि वाळल्यावर नवीन भोक पाडायचं. दुरुस्ती होण्याजोगी आहे, म्हणून मराठीत ‘दुरुस्त होते’ आणि इंग्रजीत ‘कॅन बी फिक्स्ड’ लिहायला हरकत नाही. फुगलेल्या तळाचं तसं नाही. पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगलं की वाळल्यावर पूर्ववत होत नाही. तिथे ‘दुरुस्त होते’ हा शब्द कोणत्याच भाषेत यायला नको, आणि ‘ओलीची खूण’ हाही नको, कारण खूण म्हटलं की डाग वाटतो. एका भाषेत डाग आणि दुसरीत फुगवटा, अशी चूक आम्हाला सगळ्यात जास्त वेळा सापडते. बहुधा लिहिणाऱ्याला एका भाषेत नेमका शब्द चटकन आठवलेला नसतो, एवढंच.

वयाबद्दल ‘चार-पाच वर्षं’ लिहू नये. मराठीत हा जोडशब्द ‘साधारण इतकी’ असं सांगतो आणि ऐकणारा त्यात वर्षभराची सूट देतो. इंग्रजीत ‘फोर टू फाइव्ह इयर्स’ वाचणारा चार आणि पाच यांच्या मधलं वय समजतो. घेतल्याचं साल दिलं की दोघांचंही समाधान होतं: २०१९. जाहिरात चार महिने पडून राहिली तरी साल जुनं होत नाही, हाही फायदा. तारखेचंही तसंच. ‘परवापर्यंत’ हा शब्द तर दोन्ही दिशांना जातो. आणि ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. महिना अक्षरात लिहायचा.

मजल्याबाबत आपल्याकडे मराठी आणि इंग्रजीत मोजणी सारखीच आहे: तळमजला, मग पहिला. पण तळमजल्यालाच पहिला मजला धरणारे इंग्रजी वाचकही जगात आहेत. म्हणून इंग्रजीत ‘जमिनीपासून दोन मजले वर’ अशा अर्थाची भर घालतो. मराठीत ती घातली तर उगीच समजावून सांगितल्यासारखं वाटतं. ही भर फक्त एका आवृत्तीत असूनही तथ्य एकच राहतं.

अटींच्या वाक्यांत भाषांतराचा वास सगळ्यात आधी येतो. ‘खरेदीदाराने वस्तू उचलून नेणे आवश्यक आहे’, ‘आपण अधिक माहितीसाठी संपर्क साधू शकता’ ही वाक्यं व्याकरणानं निर्दोष आहेत, पण घरात कुणी असं बोलत नाही. ‘न्यायची व्यवस्था घेणाऱ्याने करायची’ आणि ‘विचारायचं असेल तर मेसेज करा’ असं लिहिलं की विषय संपतो. इंग्रजीत उलटा मोह असतो. मराठीतलं ‘लॉक चालू आहे’ उचलून ‘लॉक इज ऑन’ होतं, म्हणजे कुलूप लावलेलं आहे. म्हणायचं असतं की कुलूप चालतं. त्याच ओळीत किल्ल्या किती ते लिहायचं. आमच्याकडे एकच आहे.

‘सुटं होतं’ यात दोन गोष्टी मिसळतात: सुटं करता येतं, आणि आम्ही सुटं करून देऊ. मराठी वाचणारा बऱ्याचदा दुसरा अर्थ घेतो, इंग्रजी वाचणारा पहिला. म्हणून कर्ता लिहायचाच. ‘सुटं आम्ही करून देऊ, खाली न्यायचं आणि गाडी घेणाऱ्याची.’ आणि किमतीबाबत जे एका भाषेत आहे तेच दुसरीत. मराठीत ‘थोडंफार कमी होईल’ आणि इंग्रजीत नुसता आकडा, असं झालं तर मराठी वाचणाऱ्याला घासाघीस करायची परवानगी मिळाली आणि दुसऱ्याला नाही. हीसुद्धा तथ्यातलीच तफावत. किंमत पक्की असेल तर दोन्हीकडे पक्की.

एवढं झाल्यावर लिहायला बसायचं. मुद्द्यांचा क्रम दोन्हींत सारखा ठेवतो, म्हणजे तपासायला सोपं जातं. वाक्यांचा आकार मात्र सारखा ठेवायच्या फंदात पडत नाही. इंग्रजीत नामाआधी चार विशेषणं रांगेत बसतात. मराठीत तशी रांग लावली की शेवटचं नाम येईपर्यंत दम लागतो, तिथे दोन वाक्यं करायची. आकडे मराठी आवृत्तीतही इंग्रजी लिपीतले ठेवतो. बारीक अक्षरात १ आणि ९ चुकीचे वाचले जातात हे एक कारण, आणि मराठी न येणाऱ्यालाही दोन्ही मजकुरांतले आकडे डोळ्यांनी जुळवून बघता येतात हे दुसरं. मराठी मजकूर असा होतो:

```
तीन दारांचं कपाट (वॉर्डरोब), 2019 चं
समोरून आडवं 135 सेमी (4 फूट 6 इंच),
भिंतीपासून पुढे 58 (23 इंच, हँडलसकट),
वर 210 (6 फूट 11 इंच).
जोडलेलं कपाट उभं करायला छत 218 सेमी हवं.
पार्टिकल बोर्ड, वर सागवानी रंगाचं लॅमिनेट.
सागाचं लाकूड नाही.
आत: 85 सेमी दांडी, 4 फळ्या, 2 ड्रॉवर.
कुलूप चालतं, किल्ली एकच.
दोष (समोर उभं राहून): डाव्या दाराची खालची
बिजागरी ढिली, दार 4 मिमी खाली येतं, बंद होतं,
दुरुस्त होतं. उजव्या फळीचा तळ 15 सेमी ओलीने
फुगलाय, तो तसाच राहणार. कपाट डगमगत नाही.
दुसरा मजला, लिफ्ट नाही. सुटं आम्ही करून देऊ,
खाली न्यायचं आणि गाडी घेणाऱ्याची. किंमत पक्की.
```

आणि इंग्रजी, त्याच टाचणावरून:

```
3-door wardrobe, bought 2019
W 135 x D 58 (with handles) x H 210 cm
(4 ft 6 in x 23 in x 6 ft 11 in).
Needs a 218 cm ceiling to tilt upright in one piece.
Particle board with teak-coloured laminate,
not solid wood.
Inside: 85 cm (33 in) rail, 4 shelves, 2 drawers.
Lock works, one key.
Two faults, as you face it. Left door: loose lower
hinge, hangs 4 mm low, still closes, can be fixed.
Right side panel: bottom 15 cm swollen by damp.
That is permanent, but the wardrobe stands steady.
Second floor (two storeys above ground), no lift.
We take it apart; you carry it down and arrange
transport. Price is firm.
```

मराठीत दांडीचे इंच दिलेले नाहीत आणि इंग्रजीत दिलेत, हे लक्षात आलं असेल. असलं काही डोळ्यांसमोर असूनही निसटतं. म्हणून तपासणी डोळ्यांनी करायची नाही, प्रश्नांनी करायची. टाचणावरून आठ-दहा प्रश्न काढायचे: दारातून जाईल का, लाकूड कोणतं, कुठलं दार खराब, ड्रॉवर किती, खाली कोण आणणार, भाव कमी होईल का. मराठी मजकूर एका माणसाला द्यायचा, इंग्रजी दुसऱ्याला. दोघांनी दुसरी आवृत्ती पाहिलेली नसावी. त्यांची उत्तरं एकमेकांशी नव्हे, टाचणाशी ताडून बघायची. दोघांनी एकसारखं चुकीचं उत्तर दिलं तर चूक टाचणात आहे. एकानेच दिलं तर त्या भाषेतलं वाक्य बदलायचं, दुसरं नाही. आणि कुणी ‘कळलं नाही’ म्हणण्याऐवजी ‘बहुतेक’ म्हणून उत्तर दिलं, तर तेही चुकल्यातच धरायचं.

मराठी मजकुराची आणखी एक परीक्षा म्हणजे तो फोनवर वाचून दाखवणं. ऐकणाऱ्याला मध्येच ‘काय?’ विचारावं लागलं ते वाक्य पुन्हा लिहायचं. इंग्रजी मजकुराला ही युक्ती तितकी लागू पडत नाही, कारण तो बहुतेक वेळा वाचलाच जातो.

मांडताना दोन्ही मजकूर ओळीआड मिसळायचे नाहीत. एक ओळ मराठी, एक इंग्रजी असं केलं की प्रत्येक वाचकाला निम्म्या ओळी उड्या मारत वाचाव्या लागतात, आणि दोष नेमका त्या उडीत हरवतो. एक मजकूर पूर्ण, मग दुसरा. उघडल्यावर फक्त पहिल्या एक-दोन ओळी दिसत असतील तर शीर्षकातच दोन्ही नावं आणि माप टाकायचं, म्हणजे खाली दुसरी भाषा आहे हे कळतं.

नंतर होणाऱ्या बदलांत खरी कसोटी लागते. बिजागरी मध्येच दुरुस्त करून घेतली, किल्ली सापडली, किंमत उतरवली. घाईत आपण ज्या भाषेत विचारणा आली तीच आवृत्ती बदलतो आणि दुसरी तशीच राहते. आमचा नियम असा की आधी टाचणातली ओळ खोडायची, मग दोन्ही मजकूर, मग शेवटी बदलाची तारीख. आणि कुणी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर टाचणातच नाही, उदाहरणार्थ ‘आरसा आहे का?’, तर त्याला उत्तर देण्याआधी ते टाचणात लिहायचं. आमच्या कपाटाला आरसा नाही, आणि ती ओळ आता दोन्हीकडे गेली आहे. दांडीच्या इंचांसकट.